एकच संघ आपण किती वेळा मोजला?

१० जणांनी एकमेकांशी एकदाच हस्तांदोलन केलं तर ४५, हे मला येतं. कर्णांचं सूत्रही पाठ आहे. पण संघ निवडायचा आला की गाडी अडते. ६ पुरुष, ४ महिला, त्यातून ५ जणांचा संघ, किमान २ महिला हव्यात. मी आधी ४ पैकी २ महिला निवडल्या, मग उरलेल्या ८ जणांतून कोणतेही ३. म्हणजे ६ × ५६ = ३३६. उत्तर मात्र १८६ दिलंय. कुठे २ ने भागायचं, कुठे वजा करायचं आणि कुठे काहीच करायचं नाही, हे ओळखायचं कसं?

तुमचा गुणाकार बरोबर आहे. तरीही ३३६ हे उत्तर असू शकत नाही, आणि ते उत्तरपत्रिका न पाहता कळतं. १० जणांतून ५ जणांचे संघ, कसलीही अट न लावता, एकूण २५२ होतात. अट लावल्यावर काही संघ गळतील, नवे कुठून येणार? २५२ पेक्षा मोठं उत्तर आलं याचा अर्थ काही संघ एकापेक्षा जास्त वेळा मोजले गेले.

मी बरीच वर्षं हा भाग शिकवतोय. तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींचं उत्तर मला एकाच प्रश्नात सापडतं. मोजणी झाली की तयार झालेली एक वस्तू हातात घ्यायची, म्हणजे एक हस्तांदोलन, एक कर्ण किंवा एक संघ, आणि विचारायचं: माझ्या रीतीने ही वस्तू किती वेळा मोजली? सगळ्या वस्तू सारख्याच वेळा मोजल्या असतील तर तेवढ्याने भागायचं. नको असलेल्या वस्तू आत आल्या असतील तर त्या वजा करायच्या. आणि काही वस्तू एकदा, काही तीनदा, काही सहादा मोजल्या गेल्या असतील तर भागाकाराने काम होत नाही, रीतच बदलावी लागते. तुमच्या ३३६ मध्ये नेमकं हेच झालंय. पण तिथे जाण्याआधी जे तुम्हाला येतं त्याकडे एकदा या नजरेने पाहू.

१० जण आहेत. प्रत्येक जण बाकीच्या ९ जणांशी हात मिळवतो, म्हणून १० × ९ = ९०. आता एक हस्तांदोलन हातात घ्या, समजा पहिल्या आणि सातव्या माणसाचं. पहिल्याचे ९ मोजताना ते आलं, सातव्याचे ९ मोजताना पुन्हा आलं. दोनदा. दुसरं कोणतंही घ्या, तेही दोनदाच. अपवाद एकही नाही, म्हणूनच २ ने भागणं चालतं: ४५. हाच प्रश्न ‘प्रत्येकाने प्रत्येकाला एक भेटकार्ड दिलं’ असा आला तर उत्तर ९० राहील. पहिल्याने सातव्याला दिलेलं कार्ड आणि सातव्याने पहिल्याला दिलेलं कार्ड ही दोन वेगळी कार्डं आहेत, प्रत्येक कार्ड एकदाच मोजलं गेलंय, भागायला कारणच नाही. ‘प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोन सामने खेळतो’ या साखळी स्पर्धेच्या प्रश्नातही ९०च येतं.

याच १० जणांमध्ये ६ पुरुष आणि ४ महिला असतील, आणि फक्त पुरुष व महिला यांच्यातली हस्तांदोलनं विचारली असतील, तर ६ × ४ = २४. इथे पुष्कळ विद्यार्थी सवयीने २ ने भागून १२ लिहितात. एक हस्तांदोलन हातात घ्या. आपण पुरुषांच्या बाजूने मोजत गेलो, आणि त्या हस्तांदोलनात पुरुष एकच आहे. म्हणजे ते एकदाच मोजलं गेलं. पडताळाही सोपा आहे: पुरुषांची आपसात १५, महिलांची आपसात ६, आणि एकमेकांत २४. बेरीज ४५. भागाकार केला असता तर ही बेरीज ३३ वर अडकली असती.

कर्णांचं सूत्र वेगळं पाठ करायची गरज नाही, कारण कर्ण म्हणजे शेजाऱ्यांना वगळून केलेलं हस्तांदोलन. १० जण गोलात बसले आहेत आणि डावी-उजवीकडच्या शेजाऱ्याशी कोणी हात मिळवत नाही असं समजा. प्रत्येकाला स्वतः आणि दोन शेजारी सोडून ७ जण उरतात. १० × ७ = ७०, प्रत्येक जोडी दोनदा आली, म्हणून ३५. हेच n(n − ३)/२. दुसऱ्या वाटेने जा: एकूण जोड्या ४५, त्यातल्या १० जोड्या शेजाऱ्यांच्या, म्हणजे आकृतीच्या बाजू. ४५ − १० = ३५. भागाकारही दिसला, वजाबाकीही दिसली, आणि दोन्हींचं काम वेगळं आहे हेही. भागाकाराने दुबार मोजणी निघते, वजाबाकीने नको ते निघतं. सूत्र विसरलात तर चौकोनावर तपासा: ४ × १ ÷ २ = २ कर्ण. त्रिकोणावर शून्य यायला हवं, n − ३ ऐवजी चुकून n − २ लिहिलं तर त्रिकोणालाही कर्ण फुटतात आणि चूक लगेच दिसते.

‘५ जोडपी आहेत, कोणी आपल्या जोडीदाराशी हस्तांदोलन करत नाही’ हा प्रश्नही याच घडणीचा आहे. ४५ मधून ५ जोड्या गेल्या, ४०. उलट प्रश्न आला, म्हणजे हस्तांदोलनं ६६ दिली आणि माणसं विचारली, तर दुप्पट करून १३२ आणि मग लागोपाठचे दोन आकडे शोधायचे: १२ × ११, माणसं १२. कर्ण ४४ दिले असतील तर ८८ होतात, आणि तिथे ३ चं अंतर असलेले दोन आकडे हवेत: ११ × ८, म्हणून ११ बाजू. वर्गसमीकरण मांडण्यापेक्षा हे लवकर होतं.

बिंदूंच्या प्रश्नांत पहिल्यांदा खरी गडबड सुरू होते, आणि ती समजली की तुमचा संघही समजेल. एका प्रतलात १० बिंदू आहेत. त्यातले ४ एकाच रेषेवर आहेत, बाकी कुठेही तीन बिंदू एका रेषेत नाहीत. या बिंदूंतून किती रेषा जातात? दोन बिंदू निवडले की रेषा ठरते, म्हणून ४५ जोड्या. आता रेषा हातात घेऊन विचारा, ती किती वेळा मोजली. साधी रेषा घेतली तर तिच्यावर दोनच बिंदू, ती एकदा मोजली गेली. पण ज्या रेषेवर ४ बिंदू आहेत ती? त्या चारांतली कोणतीही जोडी घ्या, रेषा तीच. अशा जोड्या ६. म्हणजे ही एक रेषा ६ वेळा मोजली गेली आणि बाकीच्या एकेकदा. मोजणी असमान झाली. ४५ ला कशाने भागणार? कशानेच नाही. त्या ६ नोंदी काढून टाकायच्या आणि त्या जागी एक रेषा ठेवायची: ४५ − ६ + १ = ४०.

तो अधिक १ का, हे विचारणारे विद्यार्थी मला आवडतात, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो: मग त्रिकोण मोजताना तो का नाही? १० बिंदूंतून ३ निवडण्याच्या रीती १२०, आणि एकरेषीय ४ बिंदूंतून ३ निवडण्याच्या ४. त्रिकोण १२० − ४ = ११६, पुढे काही मिळवायचं नाही. रेषांच्या प्रश्नात त्या ६ जोड्या खऱ्या रेषेच्याच होत्या, फक्त सहादा आल्या होत्या, म्हणून एक परत ठेवावी लागली. त्रिकोणाच्या प्रश्नात ते ४ त्रिक त्रिकोणच नाहीत, ते पूर्ण बाद. वजाबाकी दोन्हीकडे दिसते, पण एकीकडे दुबार काढतोय आणि दुसरीकडे नको ते काढतोय.

आता तुमचे ३३६. तुमची रीत दोन टप्प्यांची होती: आधी दोन महिला ‘अट पुरी करायला’ घेतल्या, मग उरलेल्या ८ मधून कोणतेही ३. त्या ८ मध्ये ६ पुरुष आहेत आणि मागे राहिलेल्या २ महिलाही आहेत. महिलांना अ, ब, क, ड म्हणू. एक संघ हातात घ्या: अ, ब, क आणि दोन पुरुष. तुमच्या रीतीने हा संघ कसा तयार होईल? आधी अ आणि ब घेतल्या, मग क आणि दोन पुरुष आले. किंवा आधी अ आणि क, मग ब आणि तेच दोन पुरुष. किंवा आधी ब आणि क, मग अ आणि तेच दोघे. संघ तोच, माणसं तीच पाच, पण नोंद तीनदा. ‘आधी घेतलेल्या’ आणि ‘नंतर आलेल्या’ महिला संघात वेगळ्या ओळखू येत नाहीत. तुमच्या रीतीने मात्र त्यांना वेगळं धरलं.

किती महिलांचा संघ किती वेळा आला ते पाहू. नेमक्या २ महिला असलेला संघ एकदाच आला, कारण पहिल्या टप्प्यात त्या दोघीच असणार. ३ महिलांचा संघ ३ वेळा आला, कारण तिघींतून ‘आधीच्या दोघी’ ३ प्रकारे ठरतात. ४ महिलांचा संघ ६ वेळा आला. आता खरे संघ मोजा, महिला किती हे आधी पक्कं करून. २ महिला आणि ३ पुरुष: ६ × २० = १२०. ३ महिला आणि २ पुरुष: ४ × १५ = ६०. चारही महिला आणि १ पुरुष: १ × ६ = ६. बेरीज १८६, हे दिलेलं उत्तर. आणि तुमच्या पटींनी मांडलं तर १२० × १ + ६० × ३ + ६ × ६ = १२० + १८० + ३६ = ३३६. तुमचा आकडा शेवटच्या एककापर्यंत जुळला. म्हणून मी म्हणतो की चूक हिशेबाची नव्हती.

पटी १, ३ आणि ६ अशा असमान आहेत, म्हणून ३३६ ला २ ने, ३ ने किंवा आणखी कशाने भागून १८६ मिळत नाही. हस्तांदोलनात सगळ्यांची पट २ होती, म्हणून तिथे भागाकार चालला. ‘किमान’ हा शब्द आला की पट बहुतेक वेळा असमान होते, कारण अटीपेक्षा जास्त महिला असलेल्या संघात ‘अट पुरी करणाऱ्या’ कोण, हे अनेक प्रकारे ठरवता येतं. म्हणून तिथे दोनच सुरक्षित वाटा आहेत. एक, वर केली तशी, नेमक्या २, नेमक्या ३, नेमक्या ४ अशी फोड करायची. या तिन्ही गटांत एकही संघ सामाईक नाही, त्यामुळे बेरीज निर्धास्त. दुसरी, एकूणातून नको ते काढायचं: २५२ मधून एकही महिला नसलेले ६ आणि एकच महिला असलेले ४ × १५ = ६० काढले, १८६. कोणती वाट घ्यायची? जिच्यात गट कमी पडतील ती. किमान १ महिला असती तर वजाबाकी एका ओळीत झाली असती: २५२ − ६ = २४६.

एक सावधगिरीची गोष्ट. तुमच्या वेळी उत्तर २५२ च्या वर गेलं म्हणून चूक दिसली. दर वेळी असं होत नाही. ७ पुरुष आणि ३ महिलांतून ४ जण, किमान २ महिला, असं घ्या. त्याच चुकीच्या रीतीने ३ × २८ = ८४ येतं. एकूण संघ २१०, त्यामुळे ८४ अगदी शहाणा आकडा वाटतो. खरं उत्तर ३ × २१ + १ × ७ = ७०. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते, म्हणून पर्यायांत ८४ हमखास ठेवलेला असतो, आणि ‘माझं उत्तर पर्यायांत आहे’ या समाधानाला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी रीत छोट्या आकड्यांवर चालवून पाहायची. फक्त ३ महिला आहेत, पुरुष नाहीतच, ३ जणींचा संघ हवा, किमान २ महिला. संघ एकच आहे. तुमची रीत सांगते: ३ पैकी २ निवडण्याच्या ३ रीती, मग उरलेल्या एकीची १ रीत, एकूण ३. एका संघाचे तीन झाले. ही तपासणी तोंडी होते आणि मोठ्या आकड्यांत लपलेली चूक बाहेर काढते.

वजाबाकीचीही एक ठेच आहे, ती तुमच्याच प्रश्नात एक अट वाढवून दाखवतो. ६ पुरुषांतला एक, त्याला प म्हणू, आणि ४ महिलांतली अ, हे दोघे एकाच संघात नकोत. किमान २ महिला ही अट तशीच. बहुतेकांच्या वहीत पुढची ओळ अशी असते: प आणि अ दोघे घेतले तर उरलेले ३ जण ८ मधून, ५६ रीती, म्हणून १८६ − ५६ = १३०. इथे थांबून विचारा, हे ५६ संघ सगळेच त्या १८६ मध्ये होते का? प आणि अ यांच्याबरोबर तिन्ही पुरुष आले तर संघात महिला एकच, अ. असे संघ ५ पुरुषांतून ३ निवडण्याइतके, म्हणजे १०. ते १८६ मध्ये कधीच नव्हते, ‘किमान २’ मुळे आधीच बाहेर होते. जे आत नाही ते बाहेर काढता येत नाही. म्हणून वजा करायचे ५६ − १० = ४६, आणि उत्तर १८६ − ४६ = १४०.

याचा पडताळा दुसऱ्या वाटेने घेतोच, कारण दोन अटी एकत्र आल्या की मी स्वतःही एका वाटेवर भरवसा ठेवत नाही. प नसलेले संघ: ५ पुरुष आणि ४ महिलांतून ५ जण, एकूण १२६. त्यातून महिला नसलेला १ आणि एकच महिला असलेले ४ × ५ = २० काढले, १०५ उरले. प असलेले, म्हणून अ नसलेले संघ: उरलेले ४ जण ५ पुरुष आणि ३ महिलांतून, एकूण ७०. महिला नसलेले ५ आणि एकच महिला असलेले ३ × १० = ३० काढले, ३५ उरले. १०५ + ३५ = १४०. जुळलं.

शेवटी २ ने भागण्याची ती जागा, जिथे हस्तांदोलन दिसत नाही पण गोष्ट तीच असते. १० जणांचे पाच-पाचचे दोन संघ पाडायचे आहेत आणि संघांना नावं नाहीत, म्हणजे फक्त कोण कोणाबरोबर खेळणार एवढंच ठरवायचंय. एक संघ निवडला की दुसरा आपोआप उरतो, म्हणून २५२ लिहिण्याचा मोह होतो. एक वाटणी हातात घ्या. पहिल्या पाच जणांचा संघ निवडला तेव्हा ती वाटणी आली, दुसऱ्या पाच जणांचा निवडला तेव्हा तीच पुन्हा आली. प्रत्येक वाटणी दोनदा, अपवाद नाही, म्हणून १२६. संघांना ‘लाल’ आणि ‘निळा’ अशी नावं असतील तर लाल-निळ्याची अदलाबदल ही वेगळी वाटणी होते, आणि २५२ बरोबर ठरतं. ६ आणि ४ अशी वाटणी असेल तर नावं नसली तरी भागायचं नाही: ६ चा गट आणि ४ चा गट मुळातच वेगळे ओळखू येतात, २१० तसेच राहतात. तुमचेच ६ पुरुष आणि ४ महिला दोन बिननावी संघांत अशा वाटायच्या असतील की दोन्हीकडे २ महिला आणि ३ पुरुष यावेत, तर एका संघासाठी ६ × २० = १२०, आणि दुबार काढून ६०.

भागायचं की नाही याबद्दल अजूनही मन डळमळत असेल तर एका माणसाला धरून बसा. दहा जणांतला प हा कोणत्यातरी एका संघात असणारच. त्याचे चार सोबती उरलेल्या ९ मधून निवडा: १२६. इथे प्रत्येक वाटणी एकदाच येते, कारण प दोन्ही संघांत असू शकत नाही. महिलांची अट असलेल्या प्रश्नातही हेच करा: प च्या संघात आणखी २ पुरुष ५ मधून, १० रीती, आणि २ महिला ४ मधून, ६ रीती. १० × ६ = ६०, आणि या वाटेवर भागाकार आलाच नाही.